महाविद्यालयाच्या परिषदेसाठी प्रायोजकत्वाचे पत्र: कंपनीला नेमके काय मिळणार, हे कसे लिहावे?

घणसोली_प्राध्यापिका | ८ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका न्यासाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायन अभियांत्रिकी शिकवते. आमचा विभाग ३० आणि ३१ जानेवारी २०२६ रोजी औद्योगिक सांडपाणी प्रक्रियेवर दोन दिवसांची परिषद घेत आहे. सुमारे १८० जण येतील, त्यांपैकी ७० बाहेरचे अभियंते व संशोधक आणि उरलेले विद्यार्थी, असा आमचा अंदाज आहे. एकूण खर्च ३,१०,००० रुपये आहे. नोंदणी शुल्कातून ८९,००० आणि संस्थेकडून ५०,००० मिळतील, म्हणजे १,७१,००० रुपयांची तूट प्रायोजकांकडून भरून काढावी लागेल.

ऑगस्टमध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ४६ कंपन्यांना पत्रे पाठवली. तीन उत्तरे आली. दोघांनी "आपला प्रस्ताव विचाराधीन आहे" असे कळवले आणि एका कंपनीने २०० पेने देऊ केली. पत्रातील लाभांचा परिच्छेद जसाच्या तसा देते:

"मुख्य प्रायोजक (रु. १,५०,०००): सर्व फलकांवर ठळक बोधचिन्ह, स्मरणिकेत पूर्ण पान जाहिरात, उद्घाटनप्रसंगी व्यासपीठावर सत्कार. सहप्रायोजक (रु. ७५,०००): फलकांवर बोधचिन्ह, अर्धे पान जाहिरात. आपल्या उदार सहकार्यामुळे तरुण पिढीच्या ज्ञानसाधनेस हातभार लागेल आणि आपल्या नावलौकिकात भर पडेल."

यात काय चुकते आहे, हे कोणी स्पष्टपणे सांगेल का? विशेषतः पत्र ज्यांच्या टेबलावर जाते, अशा मंडळींचे मत मला हवे आहे.

---

वर्तकनगरकर | ८ सप्टेंबर, रात्री १०:१५

मॅडम, कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा दुकानदारांकडे जावे. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका गेली अकरा वर्षे मी काढतो. यंदा चौथाई पानाला २,००० रुपये या दराने ३८ जाहिराती मिळाल्या. मिठाईवाले, औषधांची दुकाने आणि सराफ कधी नाही म्हणत नाहीत. मुलांना चारचार जणांच्या गटाने बाजारात पाठवा, आठवड्याभरात पैसे उभे राहतील.

---

जुना_रबाळेकर | ९ सप्टेंबर, सकाळी ७:०५

वर्तकनगरकर, आपला अनुभव खरा आहे, पण तो उत्सवाच्या स्मरणिकेचा आहे. मिठाईवाला शेजारधर्म म्हणून जाहिरात देतो, शिवाय त्याचे गिऱ्हाईक तीच स्मरणिका घरी वाचते. सांडपाण्याच्या परिषदेला आलेला अभियंता घणसोलीच्या सराफाकडे वळण्याची शक्यता कमी आहे.

प्राध्यापिका मॅडम, मी रबाळेच्या एका रसायन कारखान्यात प्रशासन आणि खरेदी मिळून एकतीस वर्षे काम केले आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. सप्टेंबर ते जानेवारी या काळात महाविद्यालयांची अशी पंधरावीस पत्रे माझ्या टेबलावर येत. त्यांतली बहुतेक का पडून राहिली, एवढे मी सांगू शकतो.

पहिली अडचण अशी की तुमचे पत्र कोणासाठी आहे, ते पत्रावरून कळत नाही. "मा. व्यवस्थापकीय संचालक" या नावाने आलेले पत्र संचालकांचे सचिव प्रशासनाकडे, प्रशासन मनुष्यबळ विभागाकडे आणि मनुष्यबळ विभाग विपणनाकडे पाठवतो. विपणनाचे कार्यालय अंधेरीला असते आणि तिथल्या लोकांना कारखान्याच्या परिसरात फलक लावण्यात काडीचा रस नसतो. तुमच्या विषयाला खरा रस असणारा माणूस म्हणजे सांडपाणी प्रक्रिया संयंत्र सांभाळणारा पर्यावरण विभागप्रमुख किंवा थेट कारखान्याचा प्रमुख, आणि त्याच्यापर्यंत हे पत्र कधी पोहोचतच नाही.

दुसरी अडचण रकमेची आहे. आमच्या कारखानाप्रमुखांना स्वतःच्या सहीने ५०,००० रुपयांपर्यंत खर्च मंजूर करता येत असे. त्यापुढचा एक रुपयाही मुख्य कार्यालयाच्या मंजुरीशिवाय निघत नसे, आणि तिथे फाइल गेली की दोन महिन्यांची निश्चिंती. प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असते, पण मर्यादा असतेच. ७५,००० मागून तुम्ही सही करू शकणाऱ्या माणसाच्या हातून निर्णय काढून घेतलात. पत्र धाडण्यापूर्वी स्वागतकक्षात किंवा ओळखीच्या माजी विद्यार्थ्याकडे एवढे विचारले, तरी आकडा कळतो.

तिसरी गोष्ट लाभांची, आणि माझ्या मते तीच मुख्य. "ठळक बोधचिन्ह" म्हणजे केवढे, कुठे आणि किती वेळ? एका परिषदेला आमच्या कंपनीने पैसे दिले होते. मुख्य फलक व्यासपीठाच्या मागे लावलेला, पण त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातले आमचे बोधचिन्ह समईच्या आणि फुलांच्या परडीच्या मागे पूर्ण झाकलेले. कार्यक्रमाच्या सत्तावीस छायाचित्रांपैकी एकातही ते दिसत नव्हते. लेखापरीक्षकाने "या खर्चाचा पुरावा काय?" असे विचारले, तेव्हा दाखवायला माझ्याकडे फक्त आभाराचे पत्र होते. त्या महाविद्यालयाच्या पुढच्या वर्षीच्या पत्रावर मी काय शेरा मारला असेल, ते आपण ओळखालच.

---

नेरुळ_पश्चिम | ९ सप्टेंबर, सकाळी ११:३०

मी एका सेवाभावी न्यासासाठी निधी उभारण्याचे काम करतो. माझ्या मते प्रायोजकत्वाची भाषाच सोडून द्यावी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावीच लागते आणि अनुसूची ७ मध्ये शिक्षणाला प्रोत्साहन देणे हे स्पष्टपणे नमूद आहे. तेव्हा पत्रात "आपल्या सीएसआर निधीतून सहकार्य करावे" असे लिहा, ८०जी ची पावती देऊ असे सांगा आणि फलकावर बोधचिन्हही लावा. कंपनीला तिन्ही बाजूंनी फायदा आहे.

---

नौपाड्याचा_लेखापाल | ९ सप्टेंबर, दुपारी २:२०

नेरुळ_पश्चिम, कलम १३५ बद्दलचे आपले वाक्य बरोबर आहे. पुढचे मात्र महाविद्यालयाला आणि कंपनीला दोघांनाही अडचणीत आणेल.

सीएसआर नियमांच्या २०२१ च्या सुधारित व्याख्येत, स्वतःच्या उत्पादनांना किंवा सेवांना विपणनाचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजकत्वाच्या स्वरूपात केलेला खर्च सीएसआरमधून वगळला आहे. मंत्रालयाच्या २०१४ च्या परिपत्रकातही एकदाच होणारे कार्यक्रम, जाहिराती आणि प्रायोजकत्व सीएसआर म्हणून धरू नये, असे सांगितले होते. म्हणजे ज्या पत्रात स्टॉल, जाहिरात आणि सादरीकरण देण्याचे वचन आहे, त्याच पत्रात सीएसआर निधी मागितला, तर कंपनीच्या सीएसआर समितीला नकार देण्याचे कारण तुम्हीच लिहून दिले असे होते. शिवाय सीएसआरची रक्कम स्वीकारायची तर न्यासाची सीएसआर-१ नोंदणी लागते, ती आहे का हे आधी पाहावे लागेल.

८०जी ची पावती देणगीला मिळते. देणगी म्हणजे काही परत न मागता दिलेली रक्कम. बदल्यात स्टॉल आणि जाहिरात दिली की ती देणगी उरत नाही. देणगीदाराचे नाव कृतज्ञता म्हणून एखाद्या पाटीवर लिहिले आणि त्यात व्यवसायाची जाहिरात नसली, तर त्यावर जीएसटी लागत नाही, असे ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात म्हटले आहे. त्या सवलतीची सीमा तिथेच संपते.

तेव्हा मॅडमनी आधी ठरवावे की कोणत्या कंपनीकडे काय मागायचे आहे. दोन मागण्या असतील तर दोन वेगळी पत्रे असावीत.

---

घणसोली_प्राध्यापिका | ९ सप्टेंबर, रात्री ८:५०

सर्वांचे आभार. रबाळेकर सर, समईचा प्रसंग वाचून मी आमच्या गेल्या परिषदेची छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली. आमच्याकडेही तेच घडले आहे, फक्त समईच्या जागी सरस्वतीची मूर्ती आहे.

देणगी नको, प्रायोजकत्वच घेऊ असे आम्ही ठरवले आहे. मात्र लेखापाल सर, यावर जीएसटी कोणी भरायचा आणि पैसे हातात किती येतील, हे कृपया सांगाल का? आमच्या कार्यालयात "शैक्षणिक संस्थेला कर नसतो" असे सांगितले गेले.

---

नौपाड्याचा_लेखापाल | १० सप्टेंबर, सकाळी १०:१०

विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या सेवेला सूट आहे. कंपनीला जाहिरातीची संधी विकणे म्हणजे शिकवणे नव्हे, त्यामुळे ती सूट इथे चालत नाही. दर १८ टक्के आहे. दिलासा एवढाच की प्रायोजकत्व घेणारी संस्था न्यास असेल आणि पैसे देणारी प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपनी अथवा भागीदारी संस्था असेल, तर हा कर उलट आकारणीने कंपनीने स्वतः सरकारला भरायचा असतो. १६ जानेवारी २०२५ पासून जो बदल झाला, तो प्रायोजकत्वाचे पैसे घेणारी संस्था स्वतःच निगम असेल तर लागू होतो. आपली संस्था न्यास आहे, पण हे गृहीत न धरता संस्थेच्या सनदी लेखापालांकडून एका ओळीचे पत्र घ्यावे आणि ते प्रस्तावालाच जोडावे. कंपनीचा लेखा विभाग पहिला प्रश्न तोच विचारतो.

उद्गम करकपातीबद्दल फार जुने स्पष्टीकरण आहे. प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१५ मध्ये महाविद्यालयांतील वादविवाद, परिसंवाद इत्यादींचे प्रायोजकत्व हा थेट प्रश्न घेतला आहे. प्रसिद्धीसाठी फलक लावले जात असतील, तर तो मुळात जाहिरातीच्या कामाचा करार आहे आणि कलम १९४सी लागू होते, असे उत्तर तिथे दिले आहे. एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांच्या वर असेल, तर कंपनी न्यासाला देताना दोन टक्के कापते. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर परत मागता येते, पण परिषदेच्या दिवशी ती हातात नसते.

आता रबाळेकरांनी सांगितलेली ५०,००० ची मर्यादा घेऊन हिशोब करू. बहुतेक ठिकाणी मंजुरीची मर्यादा करासह मोजतात. आपण बरोबर ५०,००० मागितले, तर कंपनीच्या कागदावर ९,००० रुपये कर धरून ५९,००० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. ४२,००० मागितले, तर कर ७,५६० आणि एकूण ४९,५६०, म्हणजे कारखानाप्रमुखाच्या सहीत बसते. त्यातून दोन टक्के, म्हणजे ८४० रुपये कापून आपल्याला ४१,१६० मिळतील. असे चार प्रायोजक मिळाले, तर १,६४,६४० रुपये होतात. आपली तूट १,७१,००० आहे, उरलेले सहासात हजार लहान सहकार्यातून येतील.

एक विनंती: पैसे घेताना "देणगी पावती" फाडू नका. बिल द्या, त्यावर "प्रायोजकत्व शुल्क" असे लिहा आणि कर उलट आकारणीने देय असल्याची ओळ घाला. एका महाविद्यालयाने देणगीची पावती पाठवली म्हणून मी ज्या कंपनीचे हिशोब पाहतो, तिथून ती दोनदा परत गेली आणि रक्कम परिषद संपल्यावर अडीच महिन्यांनी मिळाली.

---

वागळे_लघुउद्योजक | १० सप्टेंबर, दुपारी १:००

मी वागळे इस्टेटमध्ये रासायनिक पंपांचे सुटे भाग बनवतो, सात कामगार आहेत आणि व्यवसाय माझ्या एकट्याच्या मालकीचा आहे. मला १५,००० रुपये द्यायला आवडेल, कारण या परिषदेला येणारे सत्तर अभियंते माझेच ग्राहक असू शकतात. पण माझ्यासारख्याला तुमच्या पत्रात जागाच नाही. ७५,००० च्या खाली एकदम पेन देणाराच आहे! आणि मला हा कर भरावा लागेल का, तेही सांगावे.

---

नौपाड्याचा_लेखापाल | १० सप्टेंबर, दुपारी १:४५

एकल मालकीला उलट आकारणी लागू नाही, ती कंपनी आणि भागीदारीसाठी आहे. मग प्रश्न उरतो तो महाविद्यालयाने कर लावून बिल द्यायचे का, आणि त्याचे उत्तर न्यासाची जीएसटी नोंदणी आहे की नाही यावर अवलंबून आहे. सभागृह भाड्याने देणाऱ्या मोठ्या न्यासांची नोंदणी बहुधा असते. आपले १५,००० असल्याने करकपातीचा प्रश्न येत नाही.

---

ऐरोली_माजी_विद्यार्थी | १० सप्टेंबर, रात्री ९:१५

मी ऐरोलीत एका माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडे महाविद्यालयांकडून येणाऱ्या पत्रांत सर्वांत आकर्षक लाभ एकच असतो: अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे बायोडाटा. मॅडम, तो आपल्या यादीत का नाही? सर्व १२० विद्यार्थ्यांची माहिती एका एक्सेल फाइलमध्ये प्रायोजकांना द्या, बोधचिन्हापेक्षा शंभर पटींनी उपयोगी पडेल.

---

घणसोली_प्राध्यापिका | ११ सप्टेंबर, सकाळी ८:००

हा विचार विभागाच्या बैठकीत आला होता आणि रोजगार कक्षाच्या प्रमुखांनी तो ठामपणे नाकारला. विद्यार्थ्याने महाविद्यालयाला दिलेला दूरध्वनी क्रमांक आणि गुण महाविद्यालयाने पैशांच्या बदल्यात तिसऱ्याला देणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे. मला त्यांचे पटते, पण लाभ मोठा आहे हेही खरे.

---

जुना_रबाळेकर | ११ सप्टेंबर, सकाळी ९:३०

मधला मार्ग आहे. फाइल देऊ नका, माणसे समोर आणा. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड तास ठेवा. ज्या विद्यार्थ्यांना भेटायचे आहे त्यांनी आपले नाव स्वतः नोंदवावे, बायोडाटाची प्रत स्वतः आणावी आणि प्रायोजकाच्या टेबलाशी जाऊन स्वतःच्या हाताने द्यावी. पत्रात मात्र "किमान २५ अंतिम वर्षाचे विद्यार्थी" असा आकडा लिहा आणि तो पाळा. "विद्यार्थ्यांशी संवादाची संधी" असे मोघम लिहिले की वाचणारा पान उलटतो.

ऐरोलीकरांच्या कंपनीला बायोडाटा हवेत, हे मान्य. पण सांडपाण्याच्या परिषदेत रसायन कारखान्याला त्याहून मोलाची एक गोष्ट देता येते आणि तिला महाविद्यालयाचा फारसा खर्च येत नाही. कारखान्याच्या संयंत्रातली एखादी खरी अडचण विद्यार्थ्यांसमोर ठेवायची. आमच्याकडे पावसाळ्यात प्रक्रियेच्या टाकीतला जैविक गाळ नीट बसत नसे आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला सीओडी वाढत असे. रोजच्या नोंदी आमच्याकडे ढीगभर होत्या, पण त्यांकडे निवांतपणे पाहायला कोणाला वेळ नव्हता. अशा नोंदी, कंपनीचे नाव आणि उत्पादन झाकून, दोन महिने आधी तीनचार विद्यार्थ्यांच्या गटाला द्याव्यात. त्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली विश्लेषण करून परिषदेत वीस मिनिटे मांडावे आणि कंपनीच्या अभियंत्याने परीक्षक म्हणून बसावे. त्यातून अडचण सुटेलच असे वचन देऊ नका. कंपनीच्या हाती दहाबारा पानांचा अहवाल येईल आणि ती मुले काम कशी करतात हे दोन महिने पाहायला मिळेल, एवढेच लिहा. हे वाचून पर्यावरण विभागप्रमुख स्वतः कारखानाप्रमुखांच्या खोलीत जाईल. बोधचिन्हासाठी तो जागचा हलणार नाही.

---

नेरुळ_पश्चिम | ११ सप्टेंबर, दुपारी १२:१०

सीएसआरबद्दलची दुरुस्ती मान्य आहे, माझ्या न्यासाची कागदपत्रेही तपासून घेतो. पण रबाळेकर सर, एक शंका. कोणती कंपनी स्वतःच्या सांडपाण्याच्या नोंदी बाहेर देईल? सीओडी मर्यादेपेक्षा जास्त आला, हे कागदावर बाहेर गेले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस यायला कितीसा वेळ लागेल?

---

जुना_रबाळेकर | ११ सप्टेंबर, दुपारी १२:५५

शंका रास्त आहे. म्हणूनच अंतिम निचऱ्याचे आकडे मागू नयेत, टाकीच्या आतल्या मधल्या टप्प्याचे मागावेत. तरीही काही कंपन्या नाहीच म्हणतील. त्यांना पंपाची वीज, गाळ वाळवण्याचा खर्च असे निरुपद्रवी विषय सुचवावेत. गोपनीयतेचा दोन पानी करार महाविद्यालयाने स्वतःहून पत्रासोबत ठेवला, तर विश्वास बसतो. तरी चारांपैकी दोन कंपन्या तयार झाल्या, तर मी ते यश समजेन.

---

वागळे_लघुउद्योजक | ११ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

मला अहवाल नको, मला पंप दाखवायचा आहे. परिषदेत माझ्या पंपावर पंधरा मिनिटे बोलायला मिळेल का? तांत्रिक सत्रातच मिळाले तर उत्तम, कारण तेव्हाच सगळे सभागृहात असतात.

---

घणसोली_प्राध्यापिका | ११ सप्टेंबर, रात्री ९:००

दादा, तांत्रिक सत्रातले निबंध परीक्षकांकडून तपासून घेतलेले असतात. त्यांच्यामध्ये उत्पादनाची माहिती बसवली, तर निबंध वाचणाऱ्यांवर अन्याय होतो आणि पुढच्या वर्षी चांगले निबंध येत नाहीत. दोन्ही दिवशी सकाळच्या चहाच्या आधी वीस मिनिटांचे सत्र ठेवता येईल आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यापुढे "प्रायोजित सादरीकरण" असे स्पष्ट छापू. तेव्हा लोक सभागृहातच असतात. आपल्या १५,००० मध्ये त्यातली सात मिनिटे आणि एक टेबल, असे चालेल का?

---

वागळे_लघुउद्योजक | ११ सप्टेंबर, रात्री ९:२५

सात मिनिटे पुरतील. टेबलाजवळ वीज हवी. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात टेबल मिळाले, पण प्लगचा खटका वीस फुटांवर होता. चालू पंप दाखवायचा तर नुसते टेबल काय कामाचे? शेवटी पंप टेबलावर ठेवून पत्रके वाटत बसलो.

---

ऐरोली_माजी_विद्यार्थी | १२ सप्टेंबर, सकाळी १०:४०

प्रायोजित सत्र वेगळे ठेवण्यास माझा आक्षेप आहे. चहाच्या आधी लोकांचे लक्ष घड्याळाकडे असते. कंपनीचा अनुभवी अभियंता उत्पादनाचे नाव न घेता विषयावर बोलणार असेल, तर त्याला तांत्रिक सत्रात स्थान द्यायला काय हरकत आहे? अनेक प्राध्यापकांपेक्षा त्याला जास्त माहिती असते.

---

घणसोली_प्राध्यापिका | १२ सप्टेंबर, दुपारी ३:१५

माहिती असते, यात वाद नाही. निमंत्रित वक्ता म्हणून अशा अभियंत्याला आम्ही आनंदाने बोलावू, पण त्याच्या कंपनीने पैसे दिले आहेत की नाही, याचा त्या निमंत्रणाशी संबंध नसावा. माझ्या विभागातच यावर दोन मते आहेत, त्यामुळे हा मुद्दा इथे मिटेल असे वाटत नाही.

---

घणसोली_प्राध्यापिका | १४ सप्टेंबर, रात्री १०:०५

चर्चेवरून पत्र नव्याने लिहिले. आता ते व्यवस्थापकीय संचालकांना न पाठवता कारखान्याच्या पर्यावरण विभागप्रमुखांना उद्देशून आहे आणि एका पानात संपते. ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनमध्ये ओळख असलेल्या एका माजी विद्यार्थ्याकडून आठ विभागप्रमुखांची नावे मिळवली, त्यामुळे ४६ ऐवजी आठच पत्रे जाणार आहेत. लाभांचा परिच्छेद असा आहे:

"सत्र प्रायोजकत्वाची रक्कम रु. ४२,००० असून त्यावरील जीएसटी उलट आकारणीने आपणांकडून देय राहील. संस्थेच्या सनदी लेखापालांचे पत्र सोबत जोडले आहे. या रकमेच्या बदल्यात आपणांस पुढील गोष्टी मिळतील. आपल्या संयंत्रातील आपण निवडलेल्या एका अडचणीवर चार विद्यार्थ्यांचा गट १ डिसेंबरपासून काम करील आणि ३१ जानेवारी रोजी आपल्या अभियंत्यासमोर निष्कर्ष मांडील. लेखी अहवाल फक्त आपणांस दिला जाईल आणि गोपनीयतेच्या कराराचा मसुदा सोबत आहे. ३१ जानेवारी रोजी दुपारी २ ते ३:३० या वेळेत अंतिम वर्षाचे किमान २५ विद्यार्थी आपल्या प्रतिनिधींना भेटतील. सभागृहाच्या प्रवेशद्वारालगत सहा फूट लांबीचे एक टेबल आणि त्यालगत वीजजोडणी दोन्ही दिवस आपल्यासाठी राखीव राहील. व्यासपीठामागील फलकाच्या वरच्या भागात आपले बोधचिन्ह किमान दोन फूट रुंदीचे असेल. आपल्या दोन अभियंत्यांना नोंदणी शुल्क माफ राहील. परिषद संपल्यापासून दहा दिवसांत उपस्थितांची संख्या, आपले बोधचिन्ह व टेबल स्पष्ट दिसणारी किमान सहा छायाचित्रे आणि विद्यार्थ्यांच्या भेटींचा तपशील असलेला अहवाल आपणांस पाठवला जाईल."

लहान उद्योगांसाठी १५,००० चा वेगळा परिच्छेद आहे, त्यात टेबल, वीज आणि सात मिनिटे.

---

जुना_रबाळेकर | १५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

हे पत्र मी वर पाठवले असते. दोन सूचना करतो. एक, पैसे केव्हा लागतील ते लिहा. नव्या पुरवठादाराची नोंदणी, म्हणजे पॅन, रद्द केलेला धनादेश आणि न्यासाचे नोंदणीपत्र हे सोपस्कार करायला आमच्याकडे तीन आठवडे लागत. मग खरेदी आदेश आणि बिल आल्यावर आणखी तीसपंचेचाळीस दिवस. यंदा दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास आहे, तो आठवडा कोणी सही करत नाही. तेव्हा होकार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळाला तरच जानेवारीत पैसे हाती येतील. कागदपत्रे पत्रासोबतच पाठवलीत, तर एक फेरी वाचते.

दोन, "फक्त आपणांस" अहवाल देणार म्हणता, पण निष्कर्ष मांडणार परिषदेत. तिथे प्रतिस्पर्धी कंपनीचा अभियंता बसला असेल, तर काय करणार?

---

घणसोली_प्राध्यापिका | १५ सप्टेंबर, सकाळी ८:३०

हे लक्षातच आले नव्हते. मांडणी बंद खोलीत, फक्त त्या कंपनीच्या अभियंत्यासमोर आणि दोन प्राध्यापकांसमोर ठेवते. परिषदेत विद्यार्थी पद्धतीबद्दल बोलतील, आकडे दाखवणार नाहीत. वाक्य बदलले. कागदपत्रांची पुडी आजच तयार करायला सांगते.

---

वर्तकनगरकर | १५ सप्टेंबर, सकाळी ११:००

आता माझ्या लक्षात आले की ही स्मरणिकेची गोष्ट नव्हती. तरी विचारतो, एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या तयार झाल्या तर? आमच्याकडे दोन मिठाईवाले एका पानावर यायला तयार नसतात. एकाला शेवटच्या पानावर, दुसऱ्याला पहिल्या पानावर बसवावे लागते.

---

जुना_रबाळेकर | १५ सप्टेंबर, सकाळी ११:४०

हा प्रश्न मात्र नेमका विचारलात. मोठी कंपनी "आमच्या क्षेत्रात आम्ही एकटेच" अशी अट घालते आणि त्यासाठी जास्त पैसे देते. पण इथे चार प्रायोजक हवे आहेत आणि सगळे एकाच पट्ट्यातले रसायनवाले. मी तरी अशी अट मान्य करणार नाही.

---

ऐरोली_माजी_विद्यार्थी | १५ सप्टेंबर, दुपारी १२:१५

मी करेन, पण मग एकाकडूनच १,२०,००० घेईन आणि पत्र मुख्य कार्यालयाला पाठवेन.

---

घणसोली_प्राध्यापिका | २६ सप्टेंबर, रात्री ९:३०

आठ पत्रांपैकी तीन विभागप्रमुखांचे दूरध्वनी आले. एकाने संयंत्राच्या नोंदी द्यायला नकार दिला, पण गाळ वाळवण्याच्या खर्चावर काम चालेल असे म्हटले आणि पुरवठादार नोंदणीचा अर्ज पाठवला. दुसऱ्यांनी विचारले की ४२,००० हा आकडा इतका विचित्र का आहे. मी खरे कारण सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "आमची मर्यादा २५,००० आहे." आता २१,००० मध्ये अर्धे टेबल द्यावे, की फक्त विद्यार्थ्यांची भेट, यावर विभागात उद्या बैठक आहे. तिसऱ्यांनी आपल्याच क्षेत्रातली दुसरी कंपनी आहे का, हे पहिल्याच वाक्यात विचारले.

वागळेचे दादा, आपले टेबल दाराच्या उजवीकडे ठेवले आहे, भिंतीवरचा प्लग दोन फुटांवर आहे. पंप सुरू करायला पाण्याची टाकी आपण आणणार का, ते कळवावे.